ठिपक्यांच्या कागदावर ठोकळे : सातवीच्या प्रकल्पाच्या नोंदी

७ जुलै २०२५

एकमेकांत अडकणाऱ्या २ सेंमीच्या ठोकळ्यांचे दोन डबे शाळेत दोन वर्षं पडून होते, ते काढले. प्रकल्प असा ठरवला की प्रत्येक गटाने सहा-सात ठोकळ्यांची एक रचना करायची, तिचं आयसोमेट्रिक, म्हणजे कोपऱ्याकडून थोडं वरून बघितलेलं चित्र ठिपक्यांच्या कागदावर काढायचं, रचना मोडून टाकायची आणि दुसऱ्या गटाने फक्त ते चित्र बघून ती परत उभी करायची. उभी राहिली तर चित्र बरोबर. मार्क देत बसायची गरजच नाही.

कागद घरीच तयार केला. उभ्या ओळीत दोन ठिपक्यांमध्ये १ सेंमी, शेजारची उभी ओळ ८.७ मिमी अंतरावर आणि अर्धा सेंमी खाली सरकवलेली. ८.७ असं विचित्र माप का, तर कुठलेही शेजारचे तीन ठिपके जोडले की तिन्ही बाजू १ सेंमीच्या त्रिकोण व्हायला पाहिजे, आणि त्या त्रिकोणाची उंची येते ०.८६६ सेंमी. हे बिघडलं तर पुढचं सगळं बिघडतं. पहिली प्रिंट काढताना मी चित्र कोपऱ्याला धरून पानभर ओढलं होतं, त्यात उभं अंतर १ सेंमी आणि तिरकं ११ मिमी झालं, डोळ्याला काहीच कळलं नाही, पट्टी लावल्यावर कळलं. आता झेरॉक्सला द्यायच्या आधी दोन्ही अंतरं पट्टीने बघतेच.

वर्गात वेगळाच घोळ झाला. चित्रकलेची वही आडवी असते म्हणून निम्म्या पोरांनी कागद पण आडवाच धरला. आडवा धरला की ठिपके आडव्या ओळीत येतात आणि सरळ वर जवळ ठिपकाच नसतो, जो असतो तो जवळजवळ पावणेदोन सेंमीवर. पोरं प्रामाणिकपणे त्या ठिपक्यापर्यंत रेघ नेतात आणि ठोकळ्याऐवजी तुपाचा उभा डबा तयार होतो. श्रावणी म्हणाली, "बाई, माझा ठोकळा उंच का झाला, मी तर एकच ठिपका गेले." बरोबर होतं तिचं, एकच ठिपका गेली होती.

आता प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लाल बाण काढून दिलाय. आणि तपासायची रीत: कुठल्याही ठिपक्यावर पेन्सिल ठेवायची, सरळ वर १ सेंमीवर ठिपका भेटला तर कागद बरोबर, शेजारी आडवा भेटला तर फिरवायचा.

८ जुलै

आज फक्त एक ठोकळा. एकच. पूर्ण तास.

फळ्यावर मी रांगोळीपासून सुरुवात केली कारण १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी वर्गातल्या बऱ्याच मुलींना माहितीये, मधली ओळ १५ ची, मग वर-खाली १४, १३ करत ८ पर्यंत, प्रत्येक ओळ अर्ध्याने सरकलेली. हा कागद म्हणजे तीच रांगोळी पाव वळण फिरवलेली असं सांगितल्यावर "हां मग सोप्पंय" असा आवाज आला. मुलगे जरा गप्प होते.

मग एक नियम. या कागदावर आपण फक्त तीन दिशांनी जाणार: सरळ उभं, उजवीकडे तिरकं, डावीकडे तिरकं. आडवी रेघ नाहीच. ठोकळ्यांच्या चित्रात एक जरी आडवी रेघ दिसली तरी काहीतरी चुकलंय. हे मुद्दाम सांगावं लागतं कारण चौकटीच्या वहीत ठोकळा काढायची सवय असते, समोर अख्खा चौरस काढायचा आणि मग मागे तिरक्या रेघा ओढायच्या. तेही चित्र चूक नाही, पण ते वेगळं चित्र आहे, त्यात समोरची बाजू चौरसच राहते. इथे आपण ठोकळ्याच्या एका कडेकडे तोंड करून बसलोय आणि थोडं वरून बघतोय, त्यामुळे एकही बाजू चौरस दिसत नाही, तिन्ही बाजू शंकरपाळ्या होतात. पुस्तकात समभुज चौकोन म्हणतात, पण वर्गात शंकरपाळीच चालू झाली आणि मी काही थांबवलं नाही.

काढायची पद्धत: आधी आपल्या सर्वात जवळचा वरचा कोपरा. तिथे इंग्रजी वाय काढायचा, एक हात डावीकडे वर, एक हात उजवीकडे वर, देठ सरळ खाली, तिन्ही एकेक ठिपका लांब. मग बाकीच्या सहा रेघा काढून तीन शंकरपाळ्या पूर्ण करायच्या, एकूण नऊ. बाहेरून बघितलं तर षटकोन. वरची शंकरपाळी आडवी लोळलेली असते, डावी आणि उजवी उभ्या असतात, एकमेकींच्या उलट कललेल्या.

सार्थकने विचारलं ठोकळ्याला आठ कोपरे असतात, चित्रात सातच आहेत, आठवा कुठाय. भारी प्रश्न. त्याला ठोकळा हातात दिला आणि म्हटलं एक डोळा मीट, जवळच्या वरच्या कोपऱ्याकडे बघ आणि ठोकळा असा कलव की तिन्ही बाजू सारख्या दिसतील. मग आठवा कुठे असेल? थोडा वेळ लागला. "त्याच्याच मागे, बरोब्बर मागे." वायच्या मधल्या ठिपक्यावर दोन कोपरे एकावर एक बसलेत, एक दिसतो एक लपतो. हे वहीत लिहून ठेवायला सांगितलं, पुढे लागणार आहे.

१० जुलै

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात अर्धा तास गेला. उरलेल्या वेळात दोन ठोकळे शेजारी-शेजारी. एकच भांडण झालं, दोन ठोकळ्यांच्या मधली फट दाखवायची की नाही. दोन्ही वरच्या बाजू एकाच पातळीत आहेत, म्हणजे सलग विटेसारखं काढलं तर मधली रेघ नको. पण आपल्याला मोजता यायला हवंय, म्हणून ठरलं की रेघ काढायची, फिकट. बाहेरची रेघ गडद.

११ जुलै

आजची रचना सगळ्यांना सारखीच दिली, सहा ठोकळ्यांची. जमिनीवर इंग्रजी एलसारखी तीन घरं. कोपऱ्याच्या घरात तीन ठोकळ्यांचा मनोरा. त्याला चिकटून, आपल्याकडे उजवीकडे येणाऱ्या घरात दोन ठोकळे, डावीकडे येणाऱ्या घरात एक. मनोरा सगळ्यात मागे. आणि दोन्ही हातांच्या मधे, अगदी आपल्यासमोर, एक घर रिकामं. ते रिकामं घरच सगळा त्रास देतं.

मी फळ्यावर काढत गेले ते असं. मनोऱ्याच्या वरच्या ठोकळ्याचा जवळचा कोपरा धरला, त्याला "क" म्हटलं. क वर वाय, आणि तीन शंकरपाळ्या पूर्ण.

आता उजवीकडचा दोन ठोकळ्यांचा हात. त्याचा जवळचा वरचा कोपरा कुठे येईल? तो मनोऱ्यापेक्षा एकाने बुटका आहे, म्हणून क पासून एक ठिपका सरळ खाली, आणि एक घर उजवीकडे पुढे आहे, म्हणून तिथून एक ठिपका तिरकं उजवीकडे खाली. तिथे दुसरा वाय. त्याचा डावा हात बरोबर मनोऱ्याच्या देठाच्या टोकाला जाऊन टेकतो, टेकला नाही तर चुकलंय. मग त्याचा देठ आणखी एक ठिपका खाली वाढवायचा, कारण दोन ठोकळे आहेत.

डावीकडचा एकटा ठोकळा मनोऱ्यापेक्षा दोनाने बुटका, म्हणून क पासून दोन ठिपके सरळ खाली आणि मग एक तिरका डावीकडे खाली. तिसरा वाय.

इथपर्यंत पोरं आली. मोजायची भाषा एकदा बसली, "जितका बुटका तितके खाली, जितकी घरं पुढे तितके तिरके", की वाय कुठे येणार हे ती माझ्या आधी सांगायला लागली. आणि पुढून मागे जायचं की मागून पुढे यायचं हा वाद इथे झाला नाही, कारण या रचनेत उंच मागे आणि बुटकं पुढे आहे, कोणी कोणाला झाकत नाही.

मग तळ. क पासून तीन ठिपके सरळ खाली आलं की मनोऱ्याचा खालचा कोपरा येतो, म्हणजे रिकाम्या घराचा आतला कोपरा. तिथून दोन्ही हातांच्या तळाच्या रेघा दोन्हीकडे तिरक्या खाली जातात आणि मग परत वर वळतात. खालची बाहेरची रेघ अशी डब्ल्यूसारखी येते. मधलं टोक वर, दोन्ही बाजूची टोकं खाली.

३४ पोरांपैकी ११ जणांनी डब्ल्यू काढला. बाकीच्यांचं उद्या बघते, आत्ता पाऊस एवढाय की वर्गात दिवे लावूनसुद्धा ठिपके दिसत नव्हते.

१५ जुलै

वह्या घरी आणून बघितल्या. २३ चुकलेल्या चित्रांत मला वाटलं होतं तेवीस प्रकार निघतील, निघाले तीनच, आणि त्यातला एकच महत्त्वाचा.

किरकोळ दोन आधी. काहींनी तिसरा वाय दोनाऐवजी एकच ठिपका खाली घेतला, म्हणजे डावा हातही दोन ठोकळ्यांचा झाला. काहींनी लपलेल्या रेघाही काढल्या, सगळं काचेचं.

महत्त्वाचा प्रकार: रिकाम्या घरात ठोकळा नाही हे माहिती असून तिथे अर्धा ठोकळा काढलेला. म्हणजे आतली उभी रेघ पण आहे, आणि डाव्या-उजव्या हाताच्या खालच्या ठोकळ्यांच्या वरच्या कोपऱ्यांपासून मधल्या ठिपक्यापर्यंत उतरणाऱ्या दोन तिरक्या रेघा पण आहेत. तेरा जणांचं हे, त्यात वर्गातली चित्रकलेत हुशार पोरं होती.

मी कागद घेऊन बसले आणि का होतं ते दिसलं. रिकाम्या घराचा आतला खालचा कोपरा क पासून तीन ठिपके खाली आहे. समजा त्या घरात खरंच सातवा ठोकळा ठेवला, तर त्याचा जवळचा वरचा कोपरा कुठे येईल? दोनाने बुटका म्हणून दोन ठिपके खाली, मग एक तिरका उजवीकडे, एक तिरका डावीकडे. एक उजवा तिरका आणि एक डावा तिरका मिळून होतो बरोबर एक ठिपका सरळ खाली. म्हणजे परत तीन ठिपके खाली. तोच ठिपका! खोल गेलेला आतला कोपरा आणि पुढे आलेला ठोकळ्याचा कोपरा कागदावर एकाच जागी. सार्थकच्या आठव्या कोपऱ्याची गोष्ट परत आली. एक घर उजवीकडे पुढे, एक घर डावीकडे पुढे आणि एक घर वर, असं तिन्ही दिशांनी एकेक पाऊल टाकलं की ठोकळ्यांच्या जगात आपण भलतीकडे पोचतो आणि कागदावर जागचे हलत नाही.

म्हणून त्या ठिपक्यावर पोचल्यावर हाताला कळत नाही आपण आत आहोत की बाहेर, आणि हात दोन्ही काढून मोकळा होतो.

आज वर्गात हे सांगताना नियम असा दिला की त्या ठिपक्याच्या वर एकतर उभी रेघ येईल, नाहीतर दोन तिरक्या, दोन्ही एकदम कधीच नाही. उभी असेल तर खळगा, तिरक्या असतील तर ठोकळा. सातवा ठोकळा बोटाने ठेवून-काढून दाखवला, प्रत्येक वेळी "उभी!" "तिरक्या!" असं ओरडायला लावलं, शेजारच्या वर्गातून सर डोकावून गेले.

शेडिंगचाही फायदा झाला. ठरवलं की वरच्या शंकरपाळ्या कोऱ्या, डावीकडे बघणाऱ्या फिकट, उजवीकडे बघणाऱ्या गडद. जिथे काचेचा घोळ असतो तिथे शेड द्यायला गेलं की अडकतंच, कारण शंकरपाळीऐवजी त्रिकोणाचे तुकडे उरतात आणि कुठला तुकडा फिकट कुठला गडद हे ठरत नाही. अफानने स्वतःच चूक पकडली ती अशीच, पेन्सिल हवेत धरून म्हणाला, "बाई हा तुकडा कोणाचाच नाहीये."

आणि मोजणी. रचना वरून सरळ बघितली तर तीन चौकोन दिसतात, म्हणून चित्रात कोऱ्या शंकरपाळ्या तीन. डाव्या बाजूने समोर बसून बघितलं तर तीन आणि दोन असे पाच चौकोन, म्हणून फिकट पाच. उजव्या बाजूने तीन आणि एक, चार, म्हणून गडद चार. एकूण बारा. बारा आल्या नाहीत की कुठल्या रंगात कमी-जास्त आहे ते बघायचं, चूक कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. अर्धा ठोकळा काढणाऱ्यांचं कोरं चार निघत होतं.

१८ जुलै

चित्रं अदलाबदल करायचा दिवस. प्रत्येक गटाची स्वतःची रचना, चित्र काढून झाल्यावर मोडलेली.

आठ गटांपैकी पाच रचना पहिल्या फटक्यात उभ्या राहिल्या. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये ही पद्धत मांडली तीही अशाच कामासाठी, यंत्रांची मॉडेल व्याख्यानापुरती सुटे भाग जोडून उभी करायची, परत मोडायची, आणि मदतनिसाला पुन्हा जोडता यावीत म्हणून चित्र हवं. पोरांना सांगितलं तर त्यांना फक्त मोडण्यात रस.

पण उरलेल्या तीनपैकी एका गटाने मला खरंच गप्प केलं. त्यांनी ११ तारखेची सहा ठोकळ्यांची रचनाच परत दिली होती (आळस), आणि समोरच्या गटाने पाच ठोकळे मागितले. पाच? चित्रात मोजून दाखवले. मनोऱ्याचा वरचा, त्याच्या खालचा, उजवीकडचे दोन, डावीकडचा एक. पाचच. मी स्वतः बोट ठेवून मोजलं, पाचच. मनोऱ्याचा सगळ्यात खालचा ठोकळा चित्रात कुठेच नाही! वर दुसरा ठोकळा, उजवीकडून उजवा हात चिकटलेला, डावीकडून डावा हात चिकटलेला, त्याची एकही शंकरपाळी दिसत नाही. आठवडाभर हे चित्र काढतोय आणि मला हे दिसलं नव्हतं. तो ठोकळा तिथे आहे हे आपण धरतो कारण वरचे हवेत तरंगणार नाहीत. पण हे ठोकळे तर एकमेकांत अडकतात, तरंगू शकतात, आणि त्या गटाने खरंच खालचा काढून दाखवला, मनोरा उजव्या हाताला लटकून राहिला. चित्र तेच.

मग उलटं सुरू झालं. श्रावणी म्हणाली कमी करता येतो तर लपवताही येईल की. तिने मनोऱ्याच्या पाठीमागे, उजव्या हाताच्या आडोशाला, जमिनीवर एक ठोकळा चिकटवला आणि म्हणाली काढा आता. काढला. हाच कोपरा, एक ठिपका इकडे, एक तिकडे... तो ठोकळा बरोबर उजव्या हाताच्या वरच्या ठोकळ्याच्या मागे बसतो, रेघेला रेघ लागून. काहीच दिसत नाही. डोळ्याने बघताना डोकं जरा हललं तर त्याचा कोपरा डोकावतो, पण कागदावर डोकं हलत नाही.

२२ जुलै

म्हणून आजपासून चित्राच्या शेजारी वरून बघितलेला नकाशा पण हवा असं ठरलं. घरं काढायची आणि प्रत्येक घरात उंची लिहायची, आपल्या रचनेचं मागच्या घरात ३, उजवीकडे २, डावीकडे १. तरंगते ठोकळे बाद. एवढं केलं की लपवाछपवी संपते, श्रावणीच्या ठोकळ्याला स्वतःचं घर आणि त्यात १ लिहावंच लागतं.

नकाशा आला म्हटल्यावर दुसरं काम सहज जमलं: नकाशा अर्धा फिरवायचा आणि समोरच्या कोपऱ्यावरून तीच रचना काढायची. आता मनोरा सगळ्यात पुढे आणि हात त्याच्या मागे. इथे मात्र क्रम लागतो, आधी पुढचा मनोरा पूर्ण काढायचा आणि मागच्यांच्या रेघा मनोऱ्याच्या कडेला आल्या की तिथेच थांबवायच्या, नाहीतर खोडरबरने कागद फाटतो.

आणि इथे माझाच शेडिंगचा नियम तोंडावर पडला. दोन्ही हातांच्या वरच्या बाजू मनोऱ्याने अर्ध्या झाकल्या, म्हणजे खरेखुरे त्रिकोण दिसायला लागले, आणि पोरं "बाई त्रिकोण आला, चुकलं" म्हणून खोडत बसली. चुकलं नव्हतं. फिकट पाच, गडद चार, तेवढ्याच. कोरी एक पूर्ण आणि दोन अर्ध्या. आठवड्यापूर्वी त्रिकोण म्हणजे काच असं शिकवलं होतं, आज सांगितलं की त्रिकोणाची उभी बाजू जर पुढच्या उंच ठोकळ्याची कड असेल तर तो झाकलेला आहे, ठीक आहे, राहू दे.

सार्थक नकाशातल्या १ आणि २ ची अदलाबदल करून बसलाय, डावी-उजवी उलटली तर चित्र आरशासारखं येतं का बघतोय. गुरुवारी त्याच्यासाठी वेगळे कागद न्यायचेत, वर्गातले संपले.